एक वर्षाचा ब्रेक ठरवून घ्यायचाय, परत येताना मागे पडायचं नाहीये

प्रश्न: वय ३४, पुण्यात आयटीत, जावा बॅकएंड, एकूण अनुभव ११ वर्षं. सध्याच्या कंपनीत ऑगस्टमध्ये ५ वर्षं होतील, आत्ता ४ वर्षं ७ महिने. ग्रॉस महिना २ लाख, बेसिक १ लाख, नोटीस ९० दिवस. बायको बँकेत, तिचा हातात येणारा पगार ४५ हजार. होम लोन धरून महिन्याचा खर्च ८५ हजार. एफडी आणि फंडात मिळून ९ लाख आहेत, पीएफ वेगळा. पायी नर्मदा परिक्रमा करायचीय आणि उरलेले महिने कोकणात वडिलांजवळ राहायचंय (वय ६६, शुगर आहे, आत्ता ते माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत), घराचं छप्परही करायचंय, दीड लाख सांगितलेत. आत्ताच रिझाइन करून जूनअखेर बाहेर पडू का? वर्षाने परत येताना मागे न पडता कसं यायचं?

उत्तर:

मी पुण्यातच आयटीत आहे, बरीच वर्षं हायरिंग पॅनलवर बसते आणि स्वतः एकदा वर्षभर बाहेर राहून परत आलेय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. तुम्ही विचारताय परत येण्याबद्दल, पण तुमचं खरं काम बाहेर पडण्याच्या तारखेत अडकलंय. परत येताना ज्यांची फरफट होते त्यातले बहुतेक वर्षभरात काही विसरले म्हणून अडकत नाहीत, बाहेर पडताना घाई केली म्हणून अडकतात. मार्केट तेव्हा कसं असेल, तुमची कंपनी कशी वागेल हे आज कोणी सांगू शकत नाही, पण तारीख तुमच्या हातात आहे, तर आधी तीच धरू.

जूनअखेर नको. एक तर परिक्रमावासी चातुर्मासात चालत नाहीत, देवउठनी एकादशीनंतर, कार्तिकात निघतात, म्हणजे जूनमध्ये बाहेर पडून तुम्ही चार महिने पुण्यात बसून साठवलेले पैसे खाणार. दुसरं म्हणजे ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर हिशेब असा, शेवटचं बेसिक (डीए असेल तर तोही) गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. तुमच्या बाबतीत १ लाख × १५ ÷ २६ × ५, म्हणजे साधारण २ लाख ८८ हजार, आणि ही रक्कम टॅक्स-फ्री मर्यादेच्या खूप आत बसते. जूनमध्ये तुमची ४ वर्षं १० महिने भरतील. कोणीतरी सांगेल की ४ वर्षं २४० दिवसांवर पण मिळते, काही कोर्टांनी तसं मानलंय हे खरं, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत आणि ब्रेकच्या वर्षात लेबर ऑफिसच्या चकरा मारायला तुम्ही नोकरी सोडत नाही आहात.

मग तिसरी गोष्ट, टॅक्स, जी फार कमी लोक बघतात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. २०२५ च्या बजेटपासून नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, पगारदाराला ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स शून्य. तुमचा वर्षाचा ग्रॉस २४ लाख, त्यावर पूर्ण वर्षाचा टॅक्स सेससकट २ लाख ९२ हजार ५०० बसतो. आता समजा तुम्ही अगदी एप्रिल ते मार्च असा ब्रेक घेतलात, तर ब्रेकच्या वर्षी उत्पन्न शून्य, रिबेट वाया, आणि पुढच्या वर्षी परत पूर्ण २ लाख ९२ हजार. तेच सप्टेंबरअखेर सोडून पुढच्या ऑक्टोबरला परत आलात तर दोन्ही वर्षांत बारा-बारा लाख दिसतात आणि दोन्हीकडे टॅक्स शून्य. ब्रेक तेवढाच, फक्त सरकवला, आणि जवळपास तीन लाखांचा फरक.

म्हणजे २ जुलैला रिझाइन, ३० सप्टेंबरला शेवटचा दिवस, असं वाटतं ना? मलाही कागदावर तेच दिसलं, पण त्यात एक खड्डा आहे. तुमची पाच वर्षं ऑगस्टमध्ये भरणार आणि तुम्ही जुलैत मेल टाकणार. नेमका प्रोजेक्ट संपत असेल किंवा क्लायंटने लगेच रिप्लेसमेंट मागितली तर कंपनी म्हणू शकते की तुम्हाला पंधरा दिवसांत सोडतो. कंपनी लवकर सोडते म्हटल्यावर लोकांना आनंद होतो, इथे तुमचे २ लाख ८८ हजार जातील किंवा निदान भांडणात पडतील. मॅनेजर कितीही चांगला असला तरी हा निर्णय नेहमी त्याच्या हातात नसतो.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर पाच वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मेल टाकला असता. समजा जॉइनिंग ९ ऑगस्टची आहे, तर १० ऑगस्टला रिझाइन, ९० दिवस धरून नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपता संपता बाहेर. त्या आर्थिक वर्षात तुमचा ग्रॉस साडेचौदा लाखांच्या आसपास राहील, टॅक्स साधारण ९० हजार येईल. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉइन झालात तर मार्चपर्यंत साडेनऊ लाख, टॅक्स शून्य. म्हणजे सप्टेंबरच्या प्लॅनपेक्षा ९० हजार टॅक्स जास्त, पण सव्वा महिन्याचा पगार पण जास्त आणि ग्रॅच्युइटी पक्की. शिवाय परिक्रमेचा हंगाम तेव्हाच उघडतो. आणि १० ऑगस्टनंतर कंपनीने लवकर सोडलंच तर सोडू दे, ग्रॅच्युइटी झालेली आहे आणि टॅक्स उलट कमी होईल.

इथे दोन बारीक गोष्टी. पेरोल एप्रिलपासून तुमचा टीडीएस पूर्ण वर्षाच्या हिशोबाने कापत असतो, महिना २४ हजारांच्या वर. रिझाइन केल्यावर ते परत हिशेब करतात आणि शेवटचे महिने कापणं थांबवतात, पण आधी जास्त कापलेलं सहसा रिटर्न भरल्यावरच रिफंड म्हणून मिळतं, म्हणजे पुढच्या जून-जुलैनंतर. ते पैसे खर्चाच्या हिशेबात आधीच धरू नका. आणि खर्चासाठी इक्विटी फंड विकाल तेव्हा लक्षात ठेवा की त्या कॅपिटल गेनला हा १२ लाखांचा रिबेट लागत नाही, लाँग टर्म असेल तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा फायदा माफ, पुढे १२.५ टक्के. म्हणून थोडे मार्चच्या आधी आणि थोडे एप्रिलनंतर विका, माफी दोनदा वापरता येते.

आता पैसे पुरतात का. बारा महिन्यांच्या ब्रेकला बारा महिन्यांचे पैसे धरणं ही सगळ्यात कॉमन गडबड. मी सोळा धरायला सांगते, बारा ब्रेकचे, तीन नोकरी लांबली तर, आणि एक महिना पहिला पगार हातात येईपर्यंतचा, कारण महिन्याच्या मध्यात पेरोलची कट-ऑफ निघून गेल्यावर जॉइन झालात तर पगार थेट पुढच्या महिनाअखेर येतो. तुमचा खर्च ८५, बायकोचा पगार ४५, तूट ४० हजार, सोळा महिन्यांचे ६ लाख ४० हजार. आरोग्य विम्याला लाखभर बाजूला ठेवा (आकडा कोट घेतल्यावर कळेल, वडिलांचं वय आणि शुगर बघता कमी येणार नाही). परिक्रमेत आश्रम आणि अन्नछत्रांमुळे रोजचा खर्च फार नसतो, तरी बूट, औषधं, जाणं-येणं, मध्येच पाय दुखावून घरी यावं लागलं तर, असे ५० हजार. झाले ७ लाख ९०. छपराचे दीड लाख मिळवले तर ९ लाख ४०, म्हणजे आज तुमच्याकडे असलेल्या नऊमध्ये बसत नाही. ग्रॅच्युइटी धरली की पावणेबारा लाखांच्या पुढे जाता आणि छप्परही होतं, वर अडीच लाखांच्या आसपास उरतात. नोव्हेंबरपर्यंत जे साठवाल ते वेगळंच. म्हणून म्हटलं, तारखेने तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. फक्त बायकोशी हे आकडे कागदावर मांडून बोला, वर्षभर घर तिच्या पगारावर आणि तुमच्या एफडीवर चालणार आहे, "जा तू" म्हणणं वेगळं आणि दर महिन्याला बॅलन्स खाली जाताना बघणं वेगळं.

पीएफला हात लावू नका. काढण्याचे नियम २०२५ मध्ये पुन्हा बदललेत, त्यात मी जात नाही कारण तुम्हाला काढायचाच नाहीये. नोकरी नसताना पण खात्यावर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सोडल्यानंतरचं व्याज टॅक्सेबल होतं, ते रिटर्नमध्ये दाखवायचं. खरं काम वेगळं आहे, एक्झिटची तारीख. जुन्या कंपनीने तुमच्या यूएएनवर Date of Exit भरली नाही तर पोर्टलवर तुम्ही अजून तिथेच कामाला आहात असं दिसतं. आमच्याकडे सिलेक्ट झालेल्या एकाचं असंच झालं, ऑफर निघाली, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांनी सर्व्हिस हिस्टरी उघडली तर आधीची नोकरी चालूच, त्यांनी ड्युअल एम्प्लॉयमेंटचा शेरा मारला आणि जॉइनिंग लटकलं. बिचारा वर्षापूर्वीच बाहेर पडलेला, रिलीव्हिंग लेटर हातात, पण ते पटवून देता देता आठवडे गेले. तुम्ही सोडल्यावर दोन महिने थांबा, कंपनीने भरली नसेल तर मेंबर पोर्टलवर Manage मध्ये जाऊन Mark Exit स्वतः करता येतं, आधारला मोबाइल लिंक हवा, ओटीपी येतो. तुम्ही तेव्हा नर्मदेकाठी असाल, तर रेंज असलेल्या गावात दहा मिनिटांचं काम आहे, आठवण लावून ठेवा. आधीच्या कंपन्यांचे पीएफ ट्रान्सफर राहिले असतील तर ते मात्र आत्ताच करा, एचआर उचलतं तोवर.

वडिलांचा विमा ही या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. त्यानंतर ६६ वर्षांच्या शुगर असलेल्या माणसाची नवी पॉलिसी काढायला गेलात तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पीरियड लागू शकतो, नाहीतर कंपनी सरळ नाही म्हणू शकते. पण ग्रुप पॉलिसीतून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, त्याला मायग्रेशन म्हणतात, आणि त्यात ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं वेटिंग पीरियडचं क्रेडिट मिळतं. तुमचे वडील साडेचार वर्षांहून जास्त आत असतील तर हे क्रेडिट सोन्यासारखं आहे. कव्हर वाढवून घेतलंत तर वाढीव रकमेला मात्र वेटिंग नव्याने सुरू होतं. प्रीमियम वाढेल, मेडिकल तपासणी मागतील, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावू नका, सप्टेंबरमध्येच एचआरकडून ब्रोकरचा नंबर घ्या, मायग्रेशनचा फॉर्म आणि गेल्या सगळ्या वर्षांची ई-कार्डं किंवा कव्हरेज लेटर मागून घ्या, आणि शेवटच्या दिवसाआधी नवी पॉलिसी हातात पाहिजे. इन्शुरन्स कंपनी अंडररायटिंगमध्ये काय म्हणेल ते खात्रीने सांगता येत नाही, म्हणून प्लॅन बी म्हणून बायकोच्या बँकेच्या ग्रुप कव्हरमध्ये सासू-सासरे घेता येतात का तेही विचारून ठेवा. आणि हे काहीच जमलं नाही तर खरं सांगते, ब्रेकची तारीख पुन्हा बसून ठरवा.

सबॅटिकलचं कोणीतरी सुचवेलच. कंपनीच्या पॉलिसीत वर्षभराची बिनपगारी रजा असेल तर जरूर विचारा, मेडिक्लेम चालू राहत असेल तर तुमच्यासाठी त्याचा अर्थ मोठा आहे. पण लेखी विचारा की परत आल्यावर तोच रोल आणि लेव्हल मिळणार का, की "उपलब्ध असेल तर". बहुतेक ठिकाणी दुसरंच लिहिलेलं असतं, आणि शिवाय परत आल्यावर अमुक महिने सोडायचं नाही अशी अट पण असते. चौकशी मात्र ऑगस्टमध्ये पाच वर्षं भरल्यावरच करा, आधी नाही, कारण विचारलं की तुम्ही जाणार हे कळतंच.

आता नोटीसचे ९० दिवस. लोक हे दिवस केटीमध्ये आणि पार्ट्यांमध्ये घालवतात. तुम्ही त्यात वर्षभरानंतरच्या इंटरव्ह्यूची तयारी करायचीय, कारण तेव्हा पॅनलवर मी विचारणार, "त्या सिस्टीमला पीकला लोड किती होता, तुम्ही काय बदललं, काय फसलं?" आणि वर्षाने हे आकडे आठवत नाहीत, साफ पुसून जातात. कोड, डॉक्युमेंट, स्क्रीनशॉट यातलं काही घेऊन जायचं नाही, तो कंपनीचा माल आहे आणि त्यात नोकरीच काय, केसही होऊ शकते. पण स्वतःच्या वहीत, क्लायंटचं नाव न लिहिता, प्रत्येक मोठ्या कामाचं एक पान लिहा. उदाहरणार्थ असं: ऑर्डर सर्व्हिस, रात्रीच्या बॅचच्या वेळी डेटाबेस कनेक्शन संपायची, पहिल्यांदा पूल वाढवला तर उलट डेटाबेसच गुदमरला, मग लांब ट्रान्झॅक्शन तोडून छोटी केली आणि रिपोर्टिंगच्या क्वेरी रीड रेप्लिकावर नेल्या, आधी किती वेळ लागायचा आणि नंतर किती, हे दोन आकडे. एवढं पुरे. अशी पाच-सहा पानं झाली तर वर्षाने तुमचा इंटरव्ह्यू कालच काम सोडल्यासारखा होतो.

त्याच दिवसांत मॅनेजरकडून आणि एखाद्या आर्किटेक्टकडून लिंक्डइनवर रेकमेंडेशन लिहून घ्या, आणि त्यात तुम्ही ठरवून वर्षभराच्या ब्रेकवर जाताय असा एक उल्लेख येऊ द्या. हे का ते पुढे सांगते. ऑफिसचा मेल आणि टीम्स शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो, त्याआधी माणसांचे मोबाइल नंबर स्वतःकडे पाहिजेत. एचआर पोर्टलवरून सगळ्या पेस्लिप, अप्रेझल लेटर, जुने फॉर्म १६ उतरवून घ्या, आणि या वर्षीचा फॉर्म १६ पुढच्या जूनमध्ये येईल तो कुठल्या मेलवर पाठवायचा ते लिहून द्या, नाहीतर तेव्हा कोणाला फोन करायचा तेच कळत नाही.

वर्षभरात काय करायचं याबद्दल मी फार बोलणार नाही. परिक्रमेच्या महिन्यांत अभ्यास ठरवूच नका, शूलपाणीच्या झाडीत रेंज नसते आणि दिवसभर चालून आल्यावर कोणी लॅपटॉप उघडत नाही. साधारण चार-पाच महिन्यांत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत तुम्ही घरी, मग आंबे आणि छप्पर, ते मृग लागायच्या आत उरकायचंच. खरा अभ्यास पावसाळ्यात, कोकणात तेव्हा तसंही बाहेर पडवत नाही. जूनपासून आठवड्याला दोन-तीन सकाळी बसा. जावावाल्याचं वर्षभरात फार वाहून जात नाही, भाषेची एलटीएस आवृत्ती दोन वर्षांनी येते, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जावा २१ आली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जावा २५. स्प्रिंग बूटचं मात्र बघा, तिथे मोठी आवृत्ती बदलली की नुसतं वाचून चालत नाही. एक छोटी सर्व्हिस घ्या, जुन्या आवृत्तीवरून नव्यावर न्या, काय काय तुटलं ते लिहून ठेवा. इंटरव्ह्यूत "मी कोर्स केला" यापेक्षा "हे तुटलं आणि असं सोडवलं" याला कितीतरी जास्त वजन असतं. सर्टिफिकेट असतील तर त्यांच्या मुदती बघून जा, एडब्ल्यूएसची तीन वर्षं चालतात, अझूरची रोलवाली दरवर्षी ऑनलाइन रिन्यू करावी लागतात, ते फुकट असतं, पण चुकलं तर परीक्षा पुन्हा. जे खरोखर गंजतं ते म्हणजे वेळ लावून कोड लिहिण्याचा हात. कामात असलेल्याचा पण गंजलेला असतो, तो दोन महिन्यांत येतो, त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर ठेवा.

परत येण्याची सुरुवात नवव्या-दहाव्या महिन्यात. आधी ओळखीची माणसं. जुलैअखेर त्या नंबरांवर साधे मेसेज टाका, "नोव्हेंबरपासून परत येतोय, जावा बॅकएंड, लीड लेव्हल, तुमच्याकडे काही असेल तर सांगा". मग लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉम. इथे तुमच्या हातात एक पत्ता आहे जो नोकरीत असलेल्याकडे नसतो. आपल्याकडे ९० दिवसांच्या नोटीसमुळे सगळे मॅनेजर वैतागलेले असतात, उमेदवार ऑफर घेतो आणि तीन महिन्यांत दुसरी ऑफर घेऊन पळतो. म्हणून रिक्रूटर शोधताना नोटीस पीरियडचा फिल्टर लावतात. तुम्ही तिथे पंधरा दिवस किंवा कमी निवडू शकता, आणि त्याने आपोआप वरच्या यादीत येता. सणासुदीत अप्रूव्हल रेंगाळतात, तेव्हा दसऱ्याच्या आत ऑफर हातात यावी अशा बेताने ऑगस्टमध्ये अप्लाय करायला लागा.

रेझ्युमेवर ब्रेक लपवू नका. महिने काढून नुसती वर्षं लिहिण्याची युक्ती आम्हाला सगळ्यांना माहितीये, आणि तसं दिसलं की मी उलट जास्त खोदते. एक सरळ नोंद, करिअर ब्रेक, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, "नियोजित, नर्मदा परिक्रमा आणि कौटुंबिक वेळ", आणि खाली त्या सर्व्हिसची एक ओळ. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंद करता येते, तीच वापरा. पॅनलच्या डोक्यात दोनच शंका असतात, याला काढलं होतं का, आणि हा पुन्हा जाईल का. पहिलीचं उत्तर मॅनेजरच्या त्या रेकमेंडेशनमध्ये आधीच लिहिलेलं असतं, तारखेसकट. दुसरीचं उत्तर तुम्ही ठरवलेल्या महिन्यात ठरवल्याप्रमाणे समोर बसलाय हेच. परिक्रमेबद्दल दोन-तीन वाक्यं बोला आणि कामावर या. समोरच्याला उत्सुकता असते, तो विचारत राहतो, पाऊण तासातली वीस मिनिटं घाटांच्या गप्पांत जातात आणि शेवटी त्याच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहायला टेक्निकल काही उरत नाही. असे चांगले उमेदवार गेलेले पाहिलेत.

पगाराच्या बोलणीत एचआर शेवटचा सीटीसी आणि तीन पेस्लिप मागेल आणि गॅपमुळे थोडं कमी असं सुचवेल. वर्षाचा ब्रेक हे पगार कापायचं कारण नाही, "या रोलचं तुमच्याकडचं बजेट काय" असं शांतपणे विचारा. मागच्या पगारावर तीस टक्के वगैरे मात्र लगेच धरून बसू नका, हातात दुसरी ऑफर नसताना ते टिकत नाही. माझं मत असं की आहे तोच सीटीसी मिळाला तर घ्यावा, पण लेव्हल खाली घेऊ नये. पगार पुढच्या अप्रेझलला किंवा पुढच्या नोकरीत भरून निघतो. लीडचा सीनियर झालात तर ते रेझ्युमेवर कायमचं दिसतं आणि पुढचा प्रत्येक माणूस विचारतो की खाली का आलात.

डिसेंबर उजाडला आणि काहीच हाती नसेल तर कॉन्ट्रॅक्ट-टू-हायर बघा, व्हेंडरच्या पेरोलवर सहा महिने, त्याला मी आधी नाही म्हणते कारण कायम होण्याची खात्री नसते, पण सोळापैकी चौदावा महिना लागला की ते चालतं. फक्त त्यात पीएफ कापतात ना आणि मेडिक्लेम आहे ना ते बघा. वडिलांची वैयक्तिक पॉलिसी मात्र नव्या कंपनीत जॉइन झाल्यावर पण बंद करू नका.

जॉइनिंगची नक्की तारीख, आधीचे पीएफ ट्रान्सफर झालेत का आणि वडील ग्रुप पॉलिसीत कुठल्या वर्षापासून आहेत, एवढं टाका, मग तारखांचा हिशेब पुन्हा करून देते.